डिस्ट्रिब्युटरकडून महिन्याची विक्री आणि शिल्लक कशी मागावी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी भांडुपच्या एका छोट्या कारखान्यात विक्रीचं कामकाज बघते. आमच्याकडे मोदक पीठ, चकली भाजणी, थालीपीठ भाजणी आणि मेतकूट तयार होतं. मुंबईत आणि ठाण्याच्या बाजूला मिळून आमचे सहा डिस्ट्रिब्युटर आहेत. दर महिन्याला त्यांच्याकडून आकडे मागणं हे माझं काम. सुरुवातीची दोन वर्षं मी ते फार वाईट केलं. आमच्यासारख्याच लहान उद्योगांतली माणसं मला जे प्रश्न विचारतात, ते खाली दिले आहेत.

आमची बिलं आमच्याकडे असतातच. मग डिस्ट्रिब्युटरकडे वेगळे आकडे कशाला मागायचे?

तुमचं बिल एवढंच सांगतं की माल तुमच्या दारातून बाहेर पडला. तो दुकानात पोचला की डिस्ट्रिब्युटरच्या गोडाऊनमध्ये थप्पी लावून बसला, हे त्यावरून कळत नाही. धंद्यात कंपनीतून डिस्ट्रिब्युटरकडे गेलेल्या मालाला प्रायमरी म्हणतात आणि त्याच्याकडून दुकानांना गेलेल्या मालाला सेकंडरी. प्रायमरी दर महिन्याला वाढतेय म्हणून आपण खूश असतो, आणि चार महिन्यांनी एक टेम्पो भरून मुदत संपलेला माल परत येतो. पिठासारख्या मालात हे लवकर होतं. आमच्या भाजणीच्या पाकिटावर चार महिन्यांची मुदत असते. त्यातले दोन महिने गोडाऊनमध्येच गेले, तर दुकानदार ते पाकीट हातात घेतो, तारीख बघतो आणि परत ठेवतो.

नेमके किती आकडे मागायचे?

प्रत्येक मालाचे चार: महिन्याच्या सुरुवातीची शिल्लक, महिन्यात आलेला माल, दुकानांना गेलेला माल आणि महिनाअखेरची शिल्लक. यातला आलेला माल आपल्याला बिलांवरून साधारण माहीत असतो आणि सुरुवातीची शिल्लक म्हणजे मागच्या महिन्याची अखेरची. म्हणजे खरं तर नवे आकडे दोनच उरतात. पहिल्या वेळी तर मी दोनच मागते.

सगळं नगात किंवा बॉक्समध्ये मागा, रुपयांत कधीच मागू नका. रुपयांचा आकडा मागितला की तुम्ही त्यांचा रेट आणि मार्जिन शोधताय असं त्यांना वाटतं, आणि तसं वाटण्यात त्यांचं काही चुकत नाही. दुकानांची नावंही मागू नका. कोणत्या दुकानात किती गेलं ही माहिती त्यांची कमाई आहे. त्यांनी ती दहा-वीस वर्षं उधारी देऊन आणि पावसात फिरून मिळवलेली असते.

पहिला मेसेज कसा लिहायचा? आमचे डिस्ट्रिब्युटर जुने आहेत, आजवर कधी काही मागितलेलं नाही.

जुन्या माणसाला नवी मागणी करायची म्हटलं की त्याच्या मनात पहिला प्रश्न येतो, 'आज अचानक का?' मेसेजमध्ये याचं उत्तर नसेल तर तो स्वतःच काढतो, आणि ते कधीच आपल्या बाजूचं नसतं.

मी पहिल्या वर्षी पाठवलेला मेसेज असा होता:

'कृपया जुलै महिन्याच्या विक्री व स्टॉकचा हिशेब 3 तारखेपर्यंत पाठवावा. विलंब टाळावा. सहकार्य अपेक्षित आहे.'

सहापैकी एकाने आकडे पाठवले. एकाने फोन करून विचारलं, 'काय हो, आमच्यावर काही संशय आहे का?' बाकीचे गप्प. मेसेज वाचून बघा. यात एकही वाईट शब्द नाही, तरी तो सोसायटीच्या नोटीस बोर्डावर लावलेल्या कागदासारखा वाटतो. 'सहकार्य अपेक्षित आहे' हे वाक्य तर ज्याच्याकडून सहकार्य मिळणार नाही अशी खात्री असते त्यालाच आपण लिहितो.

2024 च्या ऑगस्टमध्ये मी मुलुंडच्या डिस्ट्रिब्युटरना हे लिहिलं, यातल्या ताई म्हणजे त्यांच्याकडे हिशेब बघणाऱ्या बाई:

'नमस्कार शेठ. गणपतीसाठी मोदक पीठ पुढच्या आठवड्यात भरायला घेतोय. तुमच्यासाठी किती बाजूला ठेवायचं ते ठरवायला दोन आकडे लागतील: जुलैत दुकानांना किती बॉक्स गेले आणि 31 तारखेला शिल्लक किती. फक्त बॉक्स सांगा, रेट किंवा दुकानांची नावं नकोत. सोमवारी, 5 तारखेपर्यंत ताईंकडून आले तर तुमचा माल आधी निघेल. कागदावर लिहून फोटो काढलात तरी चालेल. तुमचा जूनचा डॅमेजचा क्लेम पास झालाय, क्रेडिट नोट आज निघतेय.'

यात कारण आधी आलं आणि मागणी नंतर. ते कारणही त्यांच्या फायद्याचं आहे आणि खरं आहे. काय नको ते स्पष्ट सांगितलं. तारीख दिली, पण तिच्यामागे दम नाही, काम आहे. शेवटी त्यांची अडकलेली गोष्ट सुटल्याची बातमी दिली. ती मात्र खरी असेल तरच लिहा. 'क्लेम बघतोय' असं लिहिण्यापेक्षा न लिहिलेलं बरं, ते वाक्य त्यांनी वर्षानुवर्षं ऐकलेलं असतं.

त्यांचे आकडे रविवारीच आले.

'हिशेब' या शब्दात एवढं काय वाईट आहे?

शब्दकोशात काही नाही, कानाला आहे. मराठीत हिशेब मागतो तो मालक, आणि देतो तो नोकर किंवा ज्याच्या हातून पैसे खर्च झाले तो. 'हिशेब द्या' म्हटलं की समोरच्याला आपण आरोपीच्या पिंजऱ्यात उभे आहोत असं वाटतं. डिस्ट्रिब्युटरने तर माल पैसे देऊन विकत घेतलेला असतो. तो त्याचा माल आहे, त्याचा हिशेब त्याने आपल्याला का द्यावा? 'आकडे' म्हणा, 'शिल्लक' म्हणा. काम तेच होतं.

असे आणखी दोन-तीन शब्द आहेत. 'किती माल पडून आहे?' यात तो विकला नाही हा ठपका आधीच आला. 'शिल्लक किती आहे?' मध्ये तो नाही. 'तुम्ही आकडे पाठवले नाहीत' म्हटलं की दोष थेट माणसावर जातो. 'आकडे अजून माझ्याकडे पोचले नाहीत' म्हटलं तर त्यांच्या हाताशी नेटवर्कपासून सुट्टीवर गेलेल्या ताईंपर्यंत काहीही कारण राहतं, आणि त्यांना न शरमता पाठवता येतं. शिवाय कधी कधी खरंच मेसेज दुसऱ्या नंबरवर गेलेला असतो.

'स्टॉक चेक करायचाय' हेही टाळा. चेक म्हणजे तपासणी.

'आपण' लिहावं की 'तुम्ही'?

रोज फोनवर 'तुम्ही' म्हणणाऱ्याला मेसेजमध्ये एकदम 'आपण' लिहिलं की काहीतरी बिनसलंय असं वाटतं. जसं बोलता तसंच लिहा. आमच्या गिरगावच्या डिस्ट्रिब्युटरना मी 'काका' म्हणते, मुलुंडवाल्यांना 'शेठ' आणि वसईच्या तरुण मुलाला 'दादा'. पहिल्या ओळखीच्या पत्रात मात्र 'आपण' शोभतं.

डिस्ट्रिब्युटर आकडे द्यायला का कां-कू करतात?

मला सगळ्यात उपयोगी पडलेली गोष्ट इथे आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते.

पहिली भीती टार्गेटची. यंदा 40 बॉक्स गेले असं सांगितलं की पुढच्या वर्षी कंपनी 60 चं टार्गेट लावणार, हे त्यांनी मोठ्या कंपन्यांबरोबर भोगलेलं असतं. दुसरी भीती आपण त्यांना डावलून थेट दुकानांत जाण्याची, किंवा त्यांचा भाग तोडून अर्धा दुसऱ्याला देण्याची. मुलुंड पूर्व आणि पश्चिम वेगळं करायला कितीसा वेळ लागतो? तिसरी गोष्ट भीतीपेक्षा संकोचाची आहे. माल गेलेला नसतो आणि ते सांगायची लाज वाटते. चौथी, त्यांनी आपला थोडा माल दुसऱ्याच्या भागात विकलेला असतो. आणि पाचवी अगदी साधी: त्यांच्याकडे पंधरा कंपन्यांचा माल आहे, हिशेब बघायला एकच ताई आहेत आणि त्या पंधरापैकी आठ कंपन्यांनी आपापला वेगळा एक्सेल पाठवून ठेवलाय.

या पाचांना एकच मेसेज चालत नाही. संकोच असेल तिथे मी आधीच लिहिते, 'जुलै सगळीकडेच थंड गेला, आकडा कमी असला तरी तसाच सांगा, त्यावरूनच पुढचा माल कमी भरता येईल.' टार्गेटची भीती असेल तिथे लिहून दिलं की या आकड्यांवरून टार्गेट ठरणार नाही. मालकांना आधी विचारून मगच दिलं, कारण मी शब्द द्यायचा आणि मार्चमध्ये त्यांनी मोडायचा, तर पुढे मला तोंड दाखवायची सोय राहणार नाही. ताईंवर भार असेल तर मागणीच छोटी करायची, आमचा एक्सेल भरायचा हट्ट सोडायचा आणि त्या देतील त्या कागदावरून आपण आपल्या घरी उतरवून घ्यायचं. माझी महिन्याला साधारण दीड तासाची टायपिंग वाढली, पण वसईचे आकडे यायला लागले ते त्यामुळेच.

कोणती अडचण आहे ते कळायचं कसं? फोनवर विचारायचं, 'देताना काही अडचण आहे का, की मागण्यात माझं काही चुकतंय?' दुसऱ्या अर्ध्याला उत्तर मिळतं.

महिन्याच्या कोणत्या तारखेला मागावेत?

त्यांच्या ताईंचं कॅलेंडर बघा. दर महिन्याला रिटर्न भरणाऱ्या व्यापाऱ्याला GSTR-1 साठी पुढच्या महिन्याची 11 तारीख असते आणि GSTR-3B साठी 20. म्हणून 8 ते 11 मध्ये आकडे मागणं म्हणजे पंगत बसलेली असताना स्वयंपाकघरात जाऊन गप्पा मारणं. मी 5 तारीख ठेवते आणि जमलं नाही तर 13. मधल्या दिवसांत एकही मेसेज करत नाही.

शिल्लक मात्र नेहमी महिन्याच्या शेवटच्या दिवसाची, संध्याकाळची किंवा 1 तारखेला पहिली गाडी निघायच्या आधीची, असंच ठरवून घ्या. कुणी 30 ची देतं, कुणी 3 ची, आणि मग कुठलंच काही जुळत नाही.

ताई विचारतात, टॅलीत हे कुठे मिळेल?

मुख्य स्क्रीनवर Stock Summary उघडायचं आणि कालावधी त्या महिन्याचा करायचा. सुरुवातीला बहुतेक वेळा फक्त शेवटची शिल्लक दिसते. F12 दाबून Opening, Inwards आणि Outwards हे कॉलम चालू केले की चारही आकडे एका ओळीत येतात. टॅली प्राइममध्ये Alt+E ने तो रिपोर्ट एक्सेलमध्ये काढता येतो. मग रुपयांचा कॉलम उडवून पाठवा असं त्यांना आपणच सांगायचं. हे आपण सांगितल्याने जो विश्वास बसतो तो दहा गोड मेसेजनी बसत नाही.

एक खाचखळगा आहे. Outwards म्हणजे सगळी विक्रीच असते असं नाही. त्यांनी आपल्याला परत पाठवलेला माल डेबिट नोटने काढला असेल तर तोही त्यात येतो, आणि दुकानांकडून परत आलेला माल Inwards मध्ये धरला जातो. म्हणून परतीचे बॉक्स किती ते एका ओळीत वेगळं विचारून घ्या.

हे सगळं फोनवर समजावलं तर दहा मिनिटं जातात. मी एकदा मुलुंडला जाऊन ताईंच्या शेजारी बसून केलं. नंतर त्यांनीच मला चहा पाजला आणि म्हणाल्या, 'एवढंच होतं होय? मी प्रत्येक बिल उघडून बेरीज करत होते.'

आकडे आले, पण जुळत नाहीत. आता कसं विचारायचं?

याच मुलुंडचा 2024 चा ऑगस्ट घेऊ. गणेश चतुर्थी 7 सप्टेंबरला होती, म्हणून आम्ही त्या वेळी 5 तारखेची वाट न बघता 2 तारखेलाच आकडे मागितले. मोदक पिठाचे आकडे असे आले: सुरुवातीची शिल्लक 15 बॉक्स, आलेला माल 70, दुकानांना 40, अखेरची शिल्लक 38.

माझ्या बिलांत मात्र त्यांना ऑगस्टमध्ये 90 बॉक्स गेले होते. म्हणजे 20 चा फरक इथेच. शिवाय त्यांचेच आकडे घेतले तरी 15 आणि 70 मिळून 85, त्यातून 38 शिल्लक वजा केली तर 47 गेले पाहिजेत, आणि त्यांनी लिहिलेत 40. आणखी सात बॉक्स कुठे आहेत ते कळत नव्हतं.

पूर्वीची मी असते तर लिहिलं असतं, 'तुमच्या स्टेटमेंटमध्ये 27 बॉक्सची तफावत आहे, खुलासा करावा.' यावेळी आधी आपलं घर तपासलं. 20 चा उलगडा आमच्याच डिस्पॅचच्या वहीत होता. शेवटचं बिल 31 ऑगस्टला, शनिवारी संध्याकाळी निघालं आणि टेम्पो सोमवारी 2 तारखेला पोचला. आमच्या लेखी तो माल ऑगस्टचा, त्यांच्या लेखी सप्टेंबरचा, आणि दोघंही बरोबर. दर महिन्याच्या शेवटी टार्गेट गाठायला घाईने बिलं काढणाऱ्या प्रत्येक कंपनीत हा फरक येतो. तो शोधायचं काम आपलं आहे, त्यांचं नाही.

उरलेल्या सातांसाठी फोन केला. सुरुवात अशी केली: 'शेठ, आकडे वेळेत आले, फार सोपं झालं. 20 बॉक्स वाटेत होते ते मला इथे सापडले. सात बॉक्स माझ्या बेरजेत कुठेतरी सुटतायत. स्कीमचे फ्री किंवा डॅमेज वेगळे ठेवलेत का?'

त्यांनी आत हाक मारून विचारलं आणि दोन मिनिटांत उत्तर आलं. चार बॉक्स पावसात गोडाऊनच्या कोपऱ्यात भिजले होते, ते शिल्लकेत न धरता बाजूला ठेवले होते. तीन बॉक्स 12 पाकिटांवर 1 फ्री या स्कीममध्ये गेले होते. आमच्या बॉक्समध्ये 24 पाकिटं, म्हणजे तीन बॉक्सची 72 पाकिटं फ्री गेली, त्यासाठी 864 पाकिटं म्हणजे 36 बॉक्स स्कीममध्ये विकले गेले असणार. 40 पैकी 36, बाकी छोट्या दुकानांनी बारापेक्षा कमी घेतली. पटण्यासारखं होतं.

फरकाचा प्रश्न विचारताना उत्तराच्या दोन-तीन शक्यता आपणच सुचवायच्या, हे मी यातून शिकले. 'फरक का आहे?' याला माणूस बचाव करायला लागतो. 'फ्रीचे की डॅमेजचे?' याला तो आठवायला लागतो.

मग त्या आकड्यांचा उपयोग काय झाला?

2 तारखेला चित्र असं होतं: त्यांच्याकडे 38 आणि नुकतेच उतरलेले 20, म्हणजे 58 बॉक्स, आणि गणपतीला पाच दिवस. महिन्याभरात 40 गेले होते, त्यातले 22 शेवटच्या दहा दिवसांत. वेग वाढला असला तरी पाच दिवसांत 58 जाणं अवघड होतं, आणि गणपती बसले की मोदक पिठाची मागणी एकदम आटते. त्याच वेळी दादरच्या डिस्ट्रिब्युटरकडे सहाच बॉक्स उरले होते आणि आमच्याकडे भरलेला माल संपला होता.

मी शेठना विचारलं, 25 बॉक्स परत घेऊन दादरला दिले तर चालेल का. क्रेडिट नोट लगेच देते म्हटलं. ते क्षणभर गप्प राहिले आणि म्हणाले, 'कंपनी स्वतःहून माल परत घेते, हे पहिल्यांदाच बघतोय.' 3 तारखेला टेम्पो फिरला. उरलेल्या 33 पैकी मुलुंडला 26 गेले. भिजलेल्या चार बॉक्सचा क्लेमही त्याच आठवड्यात पास करून घेतला, कारण ते त्यांनी विचारल्यावर लगेच सांगितले होते.

तेव्हापासून मुलुंडला मला मेसेज करावा लागत नाही. 4 तारखेला ताईंकडून आकड्यांचा फोटो येतो.

आकडे खोटे असल्याची शंका आली तर?

काही खुणा असतात. प्रत्येक आकडा पाच किंवा दहाच्या पटीत आला, तर कुणी मोजलेलं नाही, अंदाजाने लिहिलंय. सलग तीन महिने अखेरची शिल्लक तीच असेल तर मागचा कागद पुढे ढकललाय. विक्री बरोबर तुम्ही पाठवलेल्या मालाइतकीच दाखवली असेल तर त्यांना वाटतंय की तुम्हाला तेच ऐकायचंय. आणि शिल्लक शून्य सांगूनही ते नवीन ऑर्डर देत नसतील, तर शून्य नाही.

यातलं बरंचसं खोटं नसतं, आळस असतो. म्हणून आरोप करू नका, मागणी बारीक करा. 'या महिन्यात फक्त चकली भाजणीचे मार्चच्या बॅचचे बॉक्स किती आहेत तेवढं बघून सांगाल का? मुदत जवळ आलीय, वेळेत बदलून देता येतील.' बॅच सांगायला गोडाऊनमध्ये जावंच लागतं. माणूस एकदा थप्पीपुढे उभा राहिला की बाकीचं दिसतंच, आणि पुढच्या कागदावर आकडे हळूच सुधारून येतात. त्या सुधारणेवर काहीही बोलू नका.

तरीही शंका राहिलीच तर त्यांच्याकडे जा, पण सांगून जा. न कळवता गोडाऊनमध्ये टपकणं हे मी एकदाच केलं. तिथे मिळालेला आकडा बरोबर होता, पण तो डिस्ट्रिब्युटर पुढे वर्षभर माझ्याशी फोनवर फक्त 'हो' आणि 'नाही' एवढंच बोलत होता.

आकडे आले नाहीत तर आठवण किती वेळा करायची?

दोनदा. पहिली आठवण ताईंना, शेठना नाही, कारण शेठना केली की ताईंना बोलणी बसतात आणि पुढच्या महिन्यात त्या तुमचं काम सगळ्यात शेवटी करतात. 'ताई, घाई नाही, पण 13 ला भरायचं ठरवतोय, त्याआधी मिळालं तर तुमचा माल धरता येईल.' दुसरी आठवण शेठना, फोनवर, आणि बोलणं आकड्यांवरून सुरू करायचं नाही. मार्केट कसं आहे विचारा. बऱ्याचदा त्या बोलण्यातच निम्मे आकडे मिळून जातात, ते लिहून घ्या आणि 'मी एवढे धरते, ताईंकडून पक्के करून घेते' असं सांगा.

तिसऱ्यांदा विचारू नका. त्या महिन्यात मागच्या तीन महिन्यांच्या सरासरीवर माल पाठवा आणि तसं कळवा: 'आकडे पोचले नाहीत म्हणून मागच्या सरासरीने 30 बॉक्स धरलेत. कमी-जास्त हवे असतील तर उद्या दुपारपर्यंत सांगा.' यात धमकी नाही, पण उत्तर हमखास येतं.

सगळ्यांचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे. तिथे एकदाच विचारलं तर?

नको. एकाची विक्री दुसऱ्याला दिसते, आणि ज्याची कमी आहे तो कायमचा गप्प होतो. ग्रुपवर नवीन रेट आणि सुट्टीच्या तारखा टाका.

आकडे दिल्याशिवाय क्लेम पास करणार नाही, असं सांगावं का?

आमच्या मालकांनी एकदा हा नियम काढला होता. पुढच्याच महिन्यात सहाही जणांचे आकडे वेळेत आले आणि त्यातले चौघांचे पाच-दहाच्या पटीत होते. क्लेम हा त्यांचा अडकलेला पैसा आहे. तो ओलीस धरला की तुम्हाला कागद मिळतो, माहिती मिळत नाही.

एका अर्थाने मात्र जोड आहे आणि ती उघडपणे सांगायला हरकत नाही. डॅमेज आणि मुदतीचा क्लेम त्या महिन्याच्या शिल्लकेशी जुळला तर आमच्याकडे एका दिवसात पास होतो, नाहीतर पावत्या तपासायला दहा-बारा दिवस लागतात. हे कामाचं कारण आहे, त्यामुळे कुणाला राग येत नाही.

करारात कलम घालून टाकलं तर सगळा प्रश्न सुटेल ना?

नव्या डिस्ट्रिब्युटरच्या करारात जरूर घाला: चार आकडे, नगात, दर महिन्याला, अमुक तारखेपर्यंत. त्याच कलमात हेही लिहा की हे आकडे कंपनी दुसऱ्या डिस्ट्रिब्युटरला दाखवणार नाही. जुन्यांना मात्र नवा करार सही करायला पाठवू नका, त्यांना वाटेल कंपनी विकायला काढली. आणि नव्यांनाही मेसेजमध्ये कलमाचा नंबर लिहू नका. तो नंबर ज्या दिवशी लिहाल त्या दिवशी संबंध वकिलाकडे निघालाय असं समजा.

आकडे मिळाल्यावर उत्तरात काय लिहावं?

अंगठ्याचं चिन्ह पाठवून थांबू नका. त्यांच्या आकड्यांवरून तुम्ही काय केलंत ते एका ओळीत कळवा. वसईच्या दादांना मी मागच्या महिन्यात लिहिलं, 'मेतकूट तुमच्याकडे दोन महिने पुरेल एवढं आहे, म्हणून या गाडीत टाकलं नाही. त्याऐवजी थालीपीठ भाजणी पाच जास्त टाकलीय.' त्यांचं उत्तर आलं, 'भाजणी सात करा ताई, विरारची दोन दुकानं नवीन जोडलीत.' दुकानांबद्दल मी विचारलंही नव्हतं.